वडिलांच्या मांडीवरचे टणक, खाजणारे फोड: चप्पल चावली, ढेकूण चावले की आणखी काही?

प्रश्न: "वडील ७६ वर्षांचे, आम्ही सोलापुरात राहतो. त्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे. चार वर्षांपूर्वी डाव्या अंगाला लकवा मारला होता, आता काठी घेऊन चालतात. अडीच महिने अंगाला नुसती खाज होती. दहा दिवसांपासून मांड्यांच्या आतून, पोटावर आणि काखेजवळ पाण्याचे टणक फोड येताहेत. डाव्या टाचेवरही एक आहे. कोणी म्हणतं नवी चप्पल चावली, कोणी म्हणतं ढेकूण किंवा किडा. मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. फोड फोडू का? डॉक्टरकडे जायलाच हवं का?"

हो, जायलाच हवं. तेही त्वचारोगतज्ज्ञांकडे आणि येत्या दोन-तीन दिवसांत. पण आधी एक गुंता सोडवू. टाचेवरचा फोड आणि मांडी-पोटावरचे फोड यांचं कारण एकच असणार, असं घरातल्या सगळ्यांनी धरलेलं दिसतं. तसं असायलाच हवं असं नाही. टाचेचा फोड चप्पलेचा असेलही. मांडीचे मात्र चप्पलेचे नाहीत आणि ढेकणाचेही बहुधा नाहीत. असं का म्हणतो ते कळलं, तर पुढच्या तपासण्या आणि औषधं कशासाठी आहेत हेही कळेल.

घासून फोड यायला कातडी विशिष्ट प्रकारची लागते. टाच, तळपाय आणि तळहात इथली कातडी वरून जाड असते आणि खालच्या मांसाला घट्ट धरलेली असते. चप्पलेची कड तेवढ्याच जागेला पुन्हा पुन्हा पुढेमागे ओढते, तेव्हा वरचा जाड थर अखंड राहतो. त्याच्या खाली पेशींमध्ये फट पडते आणि फटीत पाणी साचतं. वरचं छत जाड असल्यामुळे फोड उभा राहतो. मांडीच्या आतली कातडी पातळ आणि सैल असते. तिथे घर्षण झालं तर ती सोलवटते, लाल होते, चुरचुरते. पाण्याचा टणक फोड धरून ठेवायला लागणारं जाड छत तिथे नसतंच. आषाढीला पंढरपूरला चालत जाणाऱ्यांमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. वाटचाल तीच असते, पण तळपायाला फोड येतात आणि जांघा सोलवटतात.

घर्षणाच्या फोडाच्या आणखी दोन खुणा आहेत. तो तासाभरात किंवा दिवसभरात येतो आणि त्याला कारण दाखवता येतं: नवी चप्पल, लांबची चाल, काठीची मूठ. शिवाय तो खाजत नाही, दुखतो किंवा जळजळतो. पण वडिलांच्या बाबतीत ही दुसरी खूण फसवी ठरू शकते. बारा वर्षांच्या शुगरमध्ये पायाच्या नसा बधिर झाल्या असतील, तर टाचेचा फोड अजिबात दुखणार नाही. शिवाय लकवा डाव्या बाजूचा आहे आणि फोडही डाव्याच टाचेवर आहे. अशक्त पाय उचलला न जाता घासत पडतो आणि नव्या चप्पलेची कड त्या टाचेला जास्त लागते. म्हणून टाचेपुरतं चप्पलेचं म्हणणं मला पटतं. ती चप्पल बंद करा. तो फोड फोडू नका आणि रोज संध्याकाळी उजेडात ती टाच बघा. शुगर असलेल्या माणसाचा टाचेचा फोड साधा असला, तरी चिघळला तर त्याला साधा म्हणता येत नाही. भोवती लाली पसरली, पू दिसला किंवा कातडी काळी पडली, तर त्याच दिवशी दाखवायचं.

आता ढेकूण आणि किडे. हा संशय चुकीचा आहे असं सरसकट म्हणता येणार नाही, कारण कीटकदंशाने टणक आणि भरपूर खाजणारे फोड खरोखर येतात, विशेषतः गुडघ्याखाली. किडा चावताना जी लाळ सोडतो, तिच्यावर शरीर चिडतं आणि तेवढ्याच जागी फोड उठतो. पण किड्याला उघडी कातडी लागते. त्यामुळे दंश हात, मान, पोटऱ्या आणि पावलं इथे जास्त असतात, दोन-तीनच्या पुंजक्याने किंवा एका रेषेत असतात आणि नीट पाहिलं तर मधोमध बारीक टिंब दिसतं. प्रत्येक दंशाची एक मुदत असते. तो उठतो, खाजतो आणि आठ-दहा दिवसांत सुकून जातो. नवे येत राहिले, तर खाटेत किंवा गादीच्या शिवणीत ढेकूण सापडायला हवेत आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या आणखी कुणाला तरी चावे दिसायला हवेत. आईही तिथेच झोपत असतील आणि त्यांच्या अंगावर काही नसेल, तर ढेकणांवरचा संशय बराच कमी होतो.

पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा लहान काळा-नारिंगी किडा अंगावर चिरडला, तरी फोड येतात. ते लांबट ओरखड्यासारखे असतात, आगीसारखे जळतात आणि दोन कातड्या एकमेकींना टेकतात तिथे समोरासमोर छाप उमटतो. तुम्ही लिहिलेलं वर्णन तसं नाही. कुणी गुडघ्याला किंवा पायाला बिब्बा लावला असेल, तर तो उतूनही भयंकर खाजरे फोड येतात, म्हणून तेवढं वडिलांना विचारून घ्या. घरगुती उपाय डॉक्टरांना सांगायला म्हातारी माणसं संकोचतात.

या सगळ्यापेक्षा मला तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य महत्त्वाचं वाटतं: "अडीच महिने अंगाला नुसती खाज होती." किडा आधी चावतो आणि खाज नंतर सुटते. चप्पल आधी घासते आणि फोड नंतर येतो. इथे क्रम उलटा आहे. आधी कित्येक आठवडे खाज आली, तीही जिथे काही दिसत नव्हतं अशा कातडीवर, आणि मग फोड आले. साठी-सत्तरीनंतर हा क्रम दिसला, फोड टणक असले आणि ते मांड्यांच्या आतून, पोटाच्या खालच्या भागावर, काखेत किंवा कोपराच्या आतल्या बाजूला असले, तर पहिला विचार बुलस पेम्फिगॉइड या आजाराचा करावा लागतो. नाव अवघड आहे, पण आजार समजायला अवघड नाही.

कातडीचा वरचा थर खालच्या थरावर नुसता ठेवलेला नसतो. अतिसूक्ष्म खिळ्यांसारख्या प्रथिनांनी तो खाली जखडलेला असतो. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा त्या खिळ्यांनाच परकं समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. प्रतिपिंडं खिळ्यांना चिकटली की तिथे सूज येते आणि सूज आणणाऱ्या पेशी, विशेषतः इओसिनोफिल, गोळा होतात. खाज सुरू होते ती या टप्प्यात. खिळे अजून पुरते निखळलेले नसतात, त्यामुळे फोड दिसत नाहीत. ते निखळले की वरचा थर अख्खाच्या अख्खा उचलला जातो आणि खाली पाणी भरतं. वरच्या थराची पूर्ण जाडी छताला मिळते, म्हणून पातळ कातडीवरही फोड टरटरीत राहतो आणि बोटाने दाबला तरी सहजी फुटत नाही. आतलं पाणी स्वच्छ किंवा किंचित लालसर असतं. घर्षणाने जे मांडीवर घडू शकत नाही, ते इथे घडतं, कारण फट खूप खोलवर पडलेली असते.

फोड येण्याआधी किंवा त्यांच्या जोडीने अंगावर लालसर, किंचित उंच चट्टे दिसतात. घरातले लोक त्याला 'पित्त उठलंय' म्हणतात. यातला फरक घरीच तपासता येतो. एका चट्ट्याभोवती बॉलपेनने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. पित्ताची गांध चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून विरते आणि दुसरीकडे उठते. पेम्फिगॉइडचा चट्टा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तिथेच असतो आणि कधी त्याच्याच कडेवर फोड धरतो. याच जोडीला रोज सकाळी नवे फोड मोजून कागदावर आकडा लिहीत चला. आजार वाढतोय की आटोक्यात येतोय हे डॉक्टर प्रामुख्याने यावरूनच ठरवतात, आणि हा आकडा घरच्यांशिवाय कुणालाच देता येत नाही.

तुमच्या प्रश्नात आणखी दोन गोष्टी या निदानाकडे झुकतात. पहिली लकवा. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये हा आजार जास्त आढळतो. कातडीतल्या त्या प्रथिनांसारखी प्रथिनं मेंदूतही असतात, हे त्यामागचं संभाव्य कारण मानलं जातं. दुसरी शुगर, किंवा नेमकं सांगायचं तर शुगरची गोळी.

आता वडिलांचा गोळ्यांचा डबा समोर घ्या आणि पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली नावं वाचा. ज्यांच्या शेवटी 'ग्लिप्टिन' येतं अशी औषधं शोधायची आहेत: विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन. ती बऱ्याचदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतात, म्हणून ठळक ब्रँड-नाव वाचून कळत नाही. या गटातल्या औषधांमुळे काही वृद्धांमध्ये बुलस पेम्फिगॉइड सुरू होतो हे आता पक्कं माहीत आहे, आणि त्यात विल्डाग्लिप्टिनचा संबंध सगळ्यात ठळक आहे. गोळी घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा त्रास होतो, त्यामुळे औषध वाईट आहे असा अर्थ काढू नका. पण ज्याला झाला त्याची ती गोळी बदलावी लागते.

इथे एक फसगत नेहमी होते. "ही गोळी तर वर्षभर चालू आहे, आत्ताच कशी त्रास देईल?" असं घरचे म्हणतात आणि कधी डॉक्टरही म्हणतात. अंगावर साधं औषधी पुरळ येतं ते बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन आठवड्यांत, म्हणून असं वाटणं साहजिक आहे. पण ग्लिप्टिनमुळे होणारा पेम्फिगॉइड कित्येक महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावरही उद्भवतो. गोळी जुनी आहे म्हणून ती निर्दोष ठरत नाही. तशीच ती स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही. शुगर अचानक वाढलेल्या शरीरात उघडे फोड असणं हे दुहेरी संकट आहे. त्वचारोगतज्ज्ञांचा कागद घेऊन त्याच आठवड्यात शुगरच्या डॉक्टरांकडे जा आणि त्या जागी दुसरं औषध लिहून घ्या. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांचाही या आजाराशी संबंध सांगितला जातो, म्हणून एखादी गोळी निवडून न्यायचं कारण नाही, डबाच न्या. मेडिकलमधली ती ट्यूबही न्या.

त्या ट्यूबने दोन दिवस बरं वाटलं याचं कारण बहुधा तिच्यातलं स्टिरॉइड आहे. खाजेसाठी अशा मिळणाऱ्या ट्यूबमध्ये अनेकदा जोरकस स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र केलेलं असतं. पेम्फिगॉइडला लागणाऱ्या मात्रेच्या मानाने ते इतकं थोडं पडतं, की आजार आटोक्यात येत नाही, फक्त चित्र पुसट होतं. आणि ही खाज मुळात खरजेची असेल तर स्टिरॉइडने खरूज पसरते. म्हणून खरजेचा प्रश्न इथेच संपवायला हवा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती किंवा जननेंद्रियावर बारीक पुटकुळ्या आहेत का? खाज रात्री फार वाढते का? घरात आणखी कुणाला खाज सुटली आहे का? वयस्कर माणसांत खरजेनेही हुबेहूब असे टणक फोड येऊ शकतात. स्टिरॉइड सुरू करण्याआधी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि ते करून घ्यावं.

बाकीच्या शक्यता थोडक्यात सांगतो. नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि खाजेपेक्षा ठणकते. शुगरमुळे पायावर रातोरात येणारा मोठा फोड खाजतही नाही, दुखतही नाही आणि भोवतीची कातडी लालही नसते. टाचेच्या फोडाबाबत ही शक्यता डॉक्टर लक्षात घेतील. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात सुजलेल्या पायांवर कातडी ताणून फोड येतात, पण ते त्या सुजेपुरतेच असतात. पेम्फिगस हा नावाने जवळचा पण वेगळा आजार आहे. त्यात फोड लिबलिबीत असतात, लगेच फुटून ओल्या जखमा राहतात आणि बहुतेकांना आधी तोंडात व्रण येतात. वडिलांचं तोंड टॉर्चने बघून ठेवा.

वर्णनावरून संशय घेता येतो, पण निदानावर शिक्का बसतो तो कातडीच्या तुकड्याने. त्यासाठी दोन तुकडे लागतात आणि ते दोन वेगळ्या जागांवरून घ्यावे लागतात. पहिला तुकडा ताज्या, शक्यतो एक-दोन दिवसांच्या लहान फोडाच्या कडेचा. तो फॉर्मलिनमध्ये जातो आणि फट नेमकी कुठे पडली आहे ते दाखवतो. दुसरा तुकडा फोडाशेजारच्या, साधारण एक सेंटिमीटरच्या आतल्या पण न फुगलेल्या कातडीचा. त्यावर इम्युनोफ्लुओरेसन्स ही तपासणी होते. जखडणाऱ्या थरावर प्रतिपिंडांची हिरवी चमकणारी रेघ दिसली, की निदान पक्कं होतं. हा दुसरा तुकडा खुद्द फोडातून घेतला, तर प्रतिपिंडं सुजेत नष्ट झालेली असू शकतात आणि आजार असूनही तपासणी 'नाही' म्हणते.

सगळ्यात जास्त चूक होते ती बाटलीत. दुसरा तुकडा चुकून फॉर्मलिनमध्ये गेला, तर या तपासणीसाठी तो वाया गेला. त्याला मिशेल माध्यम नावाचं वेगळं द्रावण लागतं. ते नसेल तर साधं सलाइन चालतं, पण मग नमुना साधारण एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. ही तपासणी सगळीकडे होत नाही. सोलापुरातून नमुना पुण्या-मुंबईला पाठवायचा असेल, तर शनिवारी संध्याकाळी तुकडा काढून तो सोमवारपर्यंत पडून राहण्यापेक्षा आठवड्याच्या सुरुवातीला काढणं बरं. तुकडा देताना "हा कशात ठेवताय?" असं विचारायला संकोचू नका. खर्चाची अडचण असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे आपल्या सिव्हिलच्या त्वचारोग विभागात आधी चौकशी करा.

तुकडा काढणं म्हणजे ऑपरेशन नव्हे. जागा बधिर करून सुमारे चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात आणि एखादा टाका घालतात. लकव्यानंतर वडिलांना रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुधा चालू असेल. ती आपणहून बंद करून जाऊ नका. एवढ्या लहान छेदासाठी ती सहसा थांबवावी लागत नाही, थोडा जास्त वेळ दाबून धरलं की भागतं. ती बंद केल्याने पुन्हा झटका येण्याचा धोका मात्र खरा आहे. तुकड्याच्या जोडीने रक्ताची साधी तपासणी होते. तीत इओसिनोफिल वाढलेले दिसले तर संशय बळावतो, पण ते वाढलेले नसले तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. प्रतिपिंडांसाठी रक्ताची वेगळी तपासणीही असते, आणि माणूस तुकडा देण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हा ती फार उपयोगी पडते.

निदान पक्कं झाल्यावरच्या उपचारांत तीन मुख्य वाटा आहेत. कुठली धरायची हे फोड किती आहेत, शुगर कशी आहे आणि घरात हाताशी माणूस आहे का, यावर ठरतं. पहिली वाट फक्त मलमाची. क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे तीव्र स्टिरॉइड मलम फोडांपुरतं न लावता चेहरा सोडून सगळ्या अंगाला, चांगल्या दिसणाऱ्या कातडीलाही लावतात. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, की पसरलेल्या आजारात ही पद्धत पोटातल्या स्टिरॉइडपेक्षा जास्त सुरक्षित ठरते. पण त्यात मात्रा दिवसाला ४० ग्रॅम होती. ३० ग्रॅमची अख्खी ट्यूब एका दिवसात संपवून दुसरी उघडायची, असा याचा अर्थ. आजार कमी पसरलेला असेल तर दिवसाला १० ते २० ग्रॅमवर भागतं. मलम 'चालत नाही' अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा ते करंगळीच्या टोकाएवढं लावलेलं असतं. उलट, इतकं मलम तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय लावणंही योग्य नाही, कारण ते कातडीतून रक्तात उतरतं.

दुसरी वाट प्रेडनिसोलोन पोटातून. सुरुवातीची मात्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम असते. वडिलांचं वजन ६० किलो धरलं तर रोज ३० मिलिग्रॅम, सकाळी जेवल्यावर. खाज काही दिवसांतच उतरते आणि नवे फोड दोन-तीन आठवड्यांत थांबायला लागतात. अडचण शुगरची आहे. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडने साखर चढते ती दुपारनंतर आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची तपासणी त्यामुळे चांगली येते आणि घरचे निर्धास्त राहतात. हे औषध चालू असताना दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी ग्लुकोमीटरवर बघत जा. मघाशी सांगितलेली गोळी बदलायची असेल, तर शुगरच्या डॉक्टरांना स्टिरॉइड सुरू होणार आहे हेही सांगा, म्हणजे दोन्ही हिशेब एकदमच बसवता येतील. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जोडीला लागतं.

तिसरी वाट डॉक्सिसायक्लिनची, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. हे प्रतिजैविक असलं, तरी इथे त्याचा उपयोग सूज कमी करण्यासाठी होतो. ब्रिटन आणि जर्मनीत त्याची प्रेडनिसोलोनशी थेट तुलना झाली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सहा आठवड्यांनी फोड आटोक्यात आलेले रुग्ण प्रेडनिसोलोनच्या गटात ९१ टक्के आणि डॉक्सिसायक्लिनच्या गटात ७४ टक्के होते. वर्षभरात औषधामुळे गंभीर त्रास झालेले मात्र अनुक्रमे ३६ आणि १८ टक्के. म्हणजे जोर थोडा कमी, पण धोका निम्मा. शुगर आणि लकवा दोन्ही असलेल्या माणसात, आजार फार पसरलेला नसेल तर, मी या वाटेचा आणि जोडीला मलमाचा विचार आधी करतो. ही गोळी बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. लकव्यानंतर गिळायला त्रास होत असेल तर हे आधी सांगा. या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते, आणि सोलापूरच्या उन्हात ती बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

औषध कुठलंही असो, नवे फोड थांबल्यावर लगेच बंद करायचं नसतं. साधारण दोन आठवडे एकही नवा फोड आला नाही की मात्रा हळूहळू उतरवायला घेतात, आणि हे उतरवणं कित्येक महिने चालतं. फोड गेले म्हणून तिसऱ्या आठवड्यात औषध सोडणं हे आजार उलटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. महिनाभर घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद करणं एरवीही धोक्याचं असतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, फोड फोडायचे का? लहान फोडांना हात लावू नका. मोठा, ताणलेला, बसता-चालताना आड येणारा फोड रिकामा करता येतो, पण त्याचं छत काढायचं नाही. निर्जंतुक सुईने बुडाशी, कडेला एक छिद्र पाडायचं, स्वच्छ गॉजने हलकेच दाबून पाणी काढायचं आणि कातडी परत जागेवर बसू द्यायची. त्या छताइतकी चांगली पट्टी बाजारात मिळत नाही. पहिल्यांदा हे नर्सकडून करून घ्या आणि बघून शिका. टाचेच्या फोडाला मात्र ही सूट नाही, तो डॉक्टरच बघतील. उघड्या जागेवर साधं पेट्रोलियम जेलीचं मलम, वर न चिकटणारा गॉज आणि तो धरायला सुती पट्टी गुंडाळा. चिकटपट्टी थेट कातडीवर लावू नका, काढताना ती नवी कातडी सोलून नेते. हळद, राख, टूथपेस्ट यातलं काहीही नको.

अंघोळ कोमट पाण्याची, न घासता. खाली जाड सोलापुरी चादर असेल तर तिच्यावर जुनं मऊ धोतर किंवा नऊवारी अंथरा, कारण चादरीची खरखरीत वीण फोडांना लागते. नखं कापून ठेवा. खाजेसाठी झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या मेडिकलमधून आणून देऊ नका. या खाजेवर त्यांचा उपयोग थोडाच होतो, पण काठीवर चालणारा माणूस त्या गुंगीत रात्री लघवीला उठताना पडतो. घरात नातवंडं असतील तर त्यांना आजोबांपासून लांब ठेवायची गरज नाही. खरूज नाही हे एकदा ठरलं की हा आजार संसर्गाचा नव्हे. फोडाचं पाणी लागलं म्हणून दुसऱ्याला किंवा शेजारच्या कातडीला तो होत नाही.

तज्ज्ञांची वेळ दोन-तीन दिवसांनंतरची मिळाली, तर तोवर या गोष्टींवर लक्ष ठेवा: ताप किंवा हुडहुडी, फोडातून पू किंवा घाण वास, फोडांभोवती पसरणारी गरम लाली, खाणंपिणं बंद होणं, सुस्ती किंवा असंबद्ध बोलणं, ग्लुकोमीटरवर ३०० च्या वर आकडा. यातलं काहीही दिसलं तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि डोळे, तोंड, लघवीची जागा एकदम सोलून निघाली आणि कातडी दुखत पापुद्र्यांसारखी सुटायला लागली, तर तो पेम्फिगॉइड नसून एखाद्या औषधाची तीव्र प्रतिक्रिया असू शकते. तेव्हा रात्र असली तरी सकाळपर्यंत थांबू नका, आणि गोळ्यांचा डबा बरोबर घ्या.